व्हर्मुथ ही वाईन आहे, तिला फ्रीजमध्ये जागा द्या

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात व्हिस्की, रम आणि जिनच्या रांगेत एक अर्धी व्हर्मुथची बाटली उभी असते. कुणीतरी ड्यूटी फ्रीमधून आणलेली. मार्टिनी हे जिन आणि व्हर्मुथचं कॉकटेल करायचं म्हणून उघडली, दोन-तीनदा वापरली, मग विसरली. दीड वर्षाने पुन्हा मार्टिनीची आठवण झाली की तीच बाटली खाली येते, आणि ग्लासात जे काही तयार होतं त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. दोष जिनला दिला जातो, कधी बर्फाला, कधी ‘मला मार्टिनी आवडतच नाही’ असा स्वतःच्या जिभेला. बाटलीवर संशय कुणी घेत नाही, कारण दारू खराब होत नाही हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

व्हिस्कीबद्दल ते जवळपास खरं आहे. व्हर्मुथबद्दल नाही. व्हर्मुथ म्हणजे वाईनच, फक्त तिच्यात थोडं स्पिरिट, म्हणजे गाळलेली कडक दारू, आणि बरीचशी झाडपाल्याची चव घातलेली. अशा स्पिरिट घातलेल्या वाइन्सना फोर्टिफाइड वाईन म्हणतात. पोर्ट, शेरी आणि मदेरा याच घराण्यातल्या. पण या घराण्यातलं प्रत्येक पात्र वेगळ्या स्वभावाचं आहे, आणि कोणती बाटली किती दिवस टिकेल हे त्या स्वभावावरच ठरतं.

स्पिरिट कधी घातलं?

द्राक्षाचा रस आंबतो म्हणजे यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. सगळी साखर संपेपर्यंत थांबलात तर साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोलची कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाईन मिळते. मध्येच जोरकस स्पिरिट ओतलं तर यीस्ट मरतं, आंबणं जागच्या जागी थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते.

पोर्टमध्ये हेच केलं जातं. पोर्तुगालच्या उत्तरेकडे दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षं तुडवून रस आंबायला लावतात आणि दोन-तीन दिवसांतच, अर्धीअधिक साखर शिल्लक असताना, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात. ठरलेलं जुनं माप असं: ४३५ लिटर आंबत्या रसाला ११५ लिटर स्पिरिट, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. रस तोवर ६ टक्क्यांपर्यंत पोचला आहे असं धरून हिशेब करून पाहा. रसातून २६ लिटर शुद्ध अल्कोहोल आलं, स्पिरिटमधून ८८ लिटरच्या थोडं वर. एकूण साधारण ११५ लिटर, म्हणजे ५५० लिटरमध्ये २१ टक्क्यांच्या आसपास. पोर्टच्या बाटलीवर १९ ते २२ असा जो आकडा दिसतो तो असा येतो. आणि लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते, ती वरून घातलेली नसते, द्राक्षाचीच असते.

व्हर्मुथ उलट्या वाटेने जातं. तिथे वाईन आधी पूर्ण आंबू देतात. ही वाईन मुद्दाम साधी, पांढरी आणि फारसं व्यक्तिमत्त्व नसलेली निवडतात, कारण चव द्राक्षाने द्यायचीच नसते. दुसरीकडे स्पिरिटमध्ये मुळं, साली, फुलं आणि मसाले भिजवून अर्क काढतात. मग वाईन, अर्क, साखर आणि लागेल तेवढं स्पिरिट एकत्र करतात. युरोपच्या नियमानुसार व्हर्मुथमध्ये कमीत कमी ७५ टक्के वाईन असावी लागते आणि अल्कोहोल १४.५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान. बाजारातल्या बहुतेक बाटल्या १५ ते १८ मध्ये असतात. म्हणजे बाटलीत चारातले तीन भाग वाईनच आहे, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं.

त्याच नियमात एक अट आहे, जी मराठी माणसाला ओळखीची वाटावी. व्हर्मुथमध्ये आर्टेमिसिया या कुळातली वनस्पती असलीच पाहिजे. युरोपात ती वर्मवुड, जर्मन भाषेत वेर्मूट, आणि त्यावरूनच व्हर्मुथ हे नाव पडलं. आपला दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतात तो, याच कुळातला. वर्मवुड दवण्यापेक्षा कितीतरी कडू आणि दवण्यात जो गोडसर, फळासारखा वास आहे तो तिच्यात नाही. पण दवण्याची पानं बोटांत चुरडल्यावर नाकात जी हिरवी, थोडी औषधी झणझणी जाते, तिच्याच जवळपासचं काहीतरी ड्राय व्हर्मुथमध्ये शोधायचं असतं. सोबत जेन्शिअनचं मूळ असतं, आपल्या काडेचिराइताच्या कुळातलं आणि तितकंच कडू. मग धने, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, सिंकोनाची साल. यादी प्रत्येक घराण्याची वेगळी आणि गुपित.

तर फरक असा. पोर्टची चव द्राक्षाची, पिकलेल्या फळाची आणि लाकडाची. व्हर्मुथची चव झाडपाल्याची आणि कडवटपणाची, वाईन फक्त तिची वाहक. पोर्ट आंबताना थांबवलेली, व्हर्मुथ आंबून झाल्यावर घडवलेली. पोर्टच्या बाटलीत मसाला टाकला तर ती पोर्ट राहत नाही, आणि व्हर्मुथमधून मसाला काढला तर हातात एक पडेल वाईन उरते.

इथे गोव्याचा विषय काढायलाच हवा. गोव्यात, आणि आपल्याकडेही, ‘पोर्ट वाईन’ म्हणून जी गोड लाल वाईन स्वस्तात मिळते तिचा दोरूच्या खोऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही. काही बाटल्यांमध्ये साखर घातलेली साधी वाईन असते, काहींत स्पिरिटही असतं. कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा. १९ ते २२ असेल तरच ती ताकदीने पोर्टच्या जवळ जाते, त्यापेक्षा बराच खाली असेल तर तिला गोड लाल वाईन समजून उघडल्यावर आठवड्याभरात संपवावी. बर्फ घालून छान लागते. फक्त कृतीत ‘पोर्ट ६० मिली’ लिहिलं असेल तिथे ती ओतून तक्रार करू नये.

रंगावर जाऊ नका

व्हर्मुथ दोन गावांच्या रीतीने वाढलं. इटलीत तोरिनो, तिथे १७८६ साली कार्पानोने गोड व्हर्मुथ विकायला घेतलं असं मानतात. फ्रान्समध्ये १८१३ साली जोसेफ नोयीने ड्राय म्हणजे कोरडं व्हर्मुथ काढलं. म्हणून जुन्या बारमध्ये गोड लाल व्हर्मुथला ‘इटालियन’ आणि कोरड्या पांढऱ्याला ‘फ्रेंच’ म्हणत. आज दोन्ही देश दोन्ही प्रकार करतात.

दुकानात खरी गडबड तिसऱ्या प्रकारामुळे होते. बिआंको किंवा ब्लां नावाचं व्हर्मुथ दिसायला ड्रायसारखंच पांढरं, पण चवीला लालइतकं किंवा त्याच्या जवळपास गोड. मार्टिनीसाठी ‘पांढरं व्हर्मुथ’ मागितलं की दुकानदार बऱ्याचदा हेच हातात देतो. लेबलवर ‘ड्राय’ किंवा ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे शब्द शोधायचे. एक्स्ट्रा ड्रायमध्ये लिटरमागे ३० ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, गोड व्हर्मुथमध्ये १३० किंवा त्याहून जास्त. हा फरक ताक आणि लस्सीइतका आहे. आणि लाल व्हर्मुथ लाल द्राक्षांचंच असतं असंही नाही. बहुतेक वेळा आत पांढरीच वाईन असते, रंग कॅरमेलचा असतो.

अजून एक घोळ नावाचा. ‘मार्टिनी’ हा व्हर्मुथचा ब्रँडही आहे आणि कॉकटेलही. त्या नावाची बाटली आणली म्हणजे तयार कॉकटेल आणलं असं होत नाही, ते व्हर्मुथ आहे. बारमध्ये इटालियन पाहुणा ‘एक मार्टिनी’ म्हणाला तर त्याला कदाचित नुसतं व्हर्मुथ आणि बर्फच हवं असेल.

हवा काय करते

उघडी साधी वाईन दोन मार्गांनी बिघडते. एक, हवेतल्या ऑक्सिजनने तिचे वास बोथट होतात आणि अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं, ज्याला कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येतो. दोन, व्हिनेगरचे जिवाणू तिला आंबट करतात.

स्पिरिट घातल्याने दुसरा मार्ग बंद होतो. १५ टक्क्यांच्या वर हे जिवाणू फारसे तग धरत नाहीत. पहिला मार्ग मात्र उघडाच राहतो, आणि सापळा नेमका इथे आहे. वर्षभर उघडं पडलेलं व्हर्मुथ आंबट लागत नाही, बुरशी येत नाही, पोट बिघडत नाही. म्हणून माणूस म्हणतो, चांगलं आहे की. ते नासलेलं नसतं, विझलेलं असतं. दवण्याचा हिरवा वास, संत्र्याच्या सालीचं तेल, धन्याची चुणूक ही सगळी नाजूक तेलं आधी जातात. जेन्शिअनचा कडूपणा चिवट, तो मागे राहतो. परिणामी जुनं ड्राय व्हर्मुथ सुवास नसलेलं कडू पाणी लागतं.

मग पोर्ट का टिकते, हा पुढचा प्रश्न. सगळ्या पोर्ट टिकत नाहीत. टॉनी पोर्ट लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहते, लाकडातून थोडी थोडी हवा घेत राहते. ऑक्सिजनने जे करायचं ते त्याने आधीच करून टाकलेलं असतं, म्हणून तिचा रंग विटकरी आणि चव अक्रोड-सुक्या अंजिराची. उघडल्यावर ती फ्रीजमध्ये महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, नीट राहते. याउलट व्हिंटेज पोर्ट दोन-अडीच वर्षांतच बाटलीत बंद होते आणि पुढची कैक वर्षं हवेशिवाय काढते. तिला हवेची सवयच नाही. ती उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. रुबी आणि एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, या दोन्ही मधल्या, एक-दोन आठवड्यांच्या. बुचावरूनही अंदाज येतो: वर प्लास्टिकची टोपी असलेलं, हाताने उघडणारं बूच असेल तर ती पोर्ट बहुधा उघडल्यावर थोडी थांबू शकणारी, ओपनरनेच काढावं लागणारं लांब बूच असेल तर पाहुणे आल्यावरच उघडावी.

या बाबतीत सगळ्यात चिवट मदेरा. जुन्या काळी तिची पिंपं जहाजात भरून हिंदुस्थानापर्यंत नेत आणि तशीच परत आणत, कारण विषुववृत्ताच्या उन्हात तापून ती चांगली होते असं लक्षात आलं होतं. आजही तिला मुद्दाम उष्णता देतात. उष्णता आणि हवा दोन्ही आधीच पचवल्यामुळे उघडलेली मदेरा महिनोन्महिने तशीच राहते. कपाटात ठेवून विसरायला लायक अशी फोर्टिफाइड वाईन कोणती म्हणाल, तर ही.

व्हर्मुथला मात्र हवा सोसत नाही. तरी फ्रान्समधली नोयी प्रा ही व्हर्मुथची कंपनी आपली वाईन मार्सेयां गावात ओकच्या पिंपांत भरून वर्षभर चक्क उघड्यावर, ऊन-पावसात ठेवते. मग हवा चांगली की वाईट? तिथे हवा वाईनला लावली जाते, झाडपाल्याचा वास घालण्याआधी. एकदा तो सुवास घातला की पुढची हवा नुकसानच करते.

७५० मिलीचं गणित

मार्टिनीला व्हर्मुथ किती लागतं ते पाहा. घरात आठवड्याला दोन मार्टिनी होतात असं धरू, एकीत १२ मिली. आठवड्याचे २४ मिली. ७५० मिलीची बाटली संपायला ३१ आठवडे, म्हणजे सात महिने लागतील. आणि उघडलेलं ड्राय व्हर्मुथ फ्रीजमध्ये पहिला महिना उत्तम, दुसरा महिना चालण्यासारखं असतं. म्हणजे या घरात दोन महिन्यांनंतरही पाऊण बाटली शिल्लक असणार, आणि पुढचे पाच महिने विझलेलं व्हर्मुथ वापरलं जाणार. गोड लाल व्हर्मुथ साखरेमुळे आणि जड मसाल्यांमुळे थोडं जास्त तग धरतं, दोन-तीन महिने. पण गणित बदलत नाही.

फ्रीजशिवाय तर बोलायलाच नको. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा प्रक्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. मे महिन्यात घरात ३४ अंश आणि फ्रीजमध्ये ४. तीन वेळा दुप्पट म्हणजे आठपट. फ्रीजमधला एक महिना कपाटात चार दिवसांचा होतो. युरोपातल्या पुस्तकी सल्ल्यात ‘थंड, अंधाऱ्या जागी’ असं असतं ते तिथल्या तळघराला धरून. आपल्याकडे तशी जागा म्हणजे फ्रीजच.

यावर उपाय स्वस्त आहे. ३७५ मिलीची छोटी बाटली मिळाली तर तीच घ्यावी. नाही मिळाली तर क्वार्टरच्या, म्हणजे १८० मिलीच्या, काचेच्या चार रिकाम्या बाटल्या गोळा कराव्यात. काचेच्याच, कारण पातळ प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत जाते. शक्यतो वोडकाच्या किंवा जिनच्या. रमचा वास पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या अस्तरात मुरतो आणि सहज जात नाही. गरम पाण्याने तीन-चारदा विसळून, साबण न लावता, उलट्या ठेवून पूर्ण कोरड्या कराव्यात.

मोठी बाटली ज्या दिवशी उघडली त्याच दिवशी, तासाभरात, व्हर्मुथ या चार बाटल्यांत भरायचं. नरसाळ्यातून धार बाटलीच्या आतल्या बाजूवरून उतरू द्यायची, वरून खळखळ ओतलं तर हवा त्यातच विरघळते आणि सगळा खटाटोप वाया जातो. गळ्यापर्यंत, अगदी झाकणाला टेकेल इतकं भरायचं. चार बाटल्यांत जवळपास सगळं बसतं, उरलेल्या घोटाची पहिली मार्टिनी करावी. झाकण घट्ट लावून तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावायची आणि चारही बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवायच्या. आडव्या ठेवल्या तर हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. न उघडलेल्या तीन बाटल्या तीन-चार महिने चांगल्या राहतात, उघडलेली एक तुमच्या वेगाने सात-आठ आठवड्यांत संपते. चौथी उघडेपर्यंत पहिल्या दिवसाची तजेलदार चव नसेल, पण कपाटातल्या बाटलीशी तुलनाच नको.

हवा काढून घेणारे छोटे पंप मिळतात. ते साध्या वाईनला थोडे उपयोगी आहेत, पण प्रत्येक खेपेला हवेबरोबर सुवासही ओढून घेतात, आणि व्हर्मुथमध्ये सुवास हाच तर माल आहे. फ्रीझरमध्ये व्हर्मुथ ठेवू नये. १८ टक्क्यांचं पेय उणे १८ अंशांत गोळ्यासारखं गोठतं, आणि काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकू शकते.

विझलेलं व्हर्मुथ ओळखायला दोन पांढऱ्या वाट्या घ्या. एकीत शंकास्पद बाटलीतलं १५ मिली, दुसरीत नुकत्या उघडलेल्या क्वार्टरमधलं तितकंच. उजेडात आधी रंग पाहा. ताजं ड्राय व्हर्मुथ फिकट गवती असतं, जुनं मधाच्या किंवा पाणचट चहाच्या रंगाकडे झुकतं. नोयी प्रासारखं मुळातच सोनेरी असेल तर रंग फसवतो, म्हणूनच शेजारी ताजं हवं. मग प्रत्येक वाटीत चमचाभर पाणी घालून वास घ्या. पाण्याने सुवास मोकळा होतो आणि दोषही. सफरचंदाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, आणि घोटानंतर जिभेवर नुसता कडूपणा उरला, तर ती बाटली ग्लासासाठी संपली. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले तर मात्र घाबरू नये. ते टार्टरिक आम्लाचे क्षार, थंडीत वाईनमधून वेगळे होतात, निरुपद्रवी असतात.

मार्टिनी, एक ग्लास

जिन ६० मिली, ड्राय व्हर्मुथ १२ मिली. पाचास एक. मापाने घ्यायचं, कारण १२ मिलीमध्ये अंदाज हमखास चुकतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी खुणांची टोपी यासाठी उत्तम. ग्लास आधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा.

एका जाड भांड्यात किंवा मोठ्या काचेच्या ग्लासात दोन तृतीयांश बर्फ भरा. बर्फ फ्रीझरमधून थेट, कोरडा, बोटाला चिकटणारा. बादलीत पडून राहिलेला, ओला चकचकीत बर्फ घेतला तर ढवळण्याआधीच पाणी पडलेलं असतं. जिन आणि व्हर्मुथ घालून लांब चमच्याने कडेकडेने, बर्फ एकत्र फिरेल असं, ३० सेकंद ढवळा. घरच्या ट्रेचे लहान तुकडे असतील तर २० सेकंद पुरतात, कारण लहान तुकडे लवकर वितळतात. गाळून थंड ग्लासात घ्या.

आता मोजा. आत गेलं ७२ मिली, बाहेर यायला हवं ९० ते ९५. मधले २० मिली म्हणजे बर्फाचं पाणी, आणि ते कृतीतला तिसरा घटक आहे. भारतीय जिन बहुधा ४२.८ टक्क्यांची. ६० मिलीतून २५.७ मिली शुद्ध अल्कोहोल, १८ टक्क्यांच्या व्हर्मुथमधून २.२. पाण्याशिवाय हे मिश्रण ३९ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे घशाला चटका. २० मिली पाणी पडल्यावर ३० टक्के. याच आकड्याला जिनमधल्या जुनिपर फळाचा वास आणि व्हर्मुथचा झाडपाला दोन्ही नाकाला वेगवेगळे कळतात. ८० मिलीच बाहेर आलं तर अजून ढवळा, १०५ आलं तर बर्फ ओला होता.

यातूनच एक नेहमीची चूक समजते. बरेच जण जिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवतात आणि तरीही बर्फावर ढवळतात. उणे १८ अंशांची जिन बर्फ वितळूच देत नाही, पाणी पडत नाही, मार्टिनी थंडगार पण जहाल होते. फ्रीझरमधली जिन वापरायची तर बर्फ वगळा: ६० मिली जिन, फ्रीजमधलं १२ मिली व्हर्मुथ आणि फ्रीजमधलंच २० मिली पिण्याचं पाणी थेट थंड ग्लासात. चमचा दोनदा फिरवला की झालं. कामावरून दमून आल्यावर हीच पद्धत बरी.

हलवायचं की ढवळायचं यावर फार शाई वाया गेली आहे. हलवलं की बर्फाचे कण आणि हवेचे बुडबुडे मिसळतात, पेय गढूळ आणि जास्त पातळ होतं. बस, इतकंच.

प्रमाणाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. मार्टिनीत व्हर्मुथ जितकं कमी तितका पिणारा दर्दी, असा एक समज आहे. कुणी नुसता ग्लास व्हर्मुथने विसळून ओततात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेच पेय निम्मं व्हर्मुथ घालून, आणि तेही बऱ्याचदा गोड व्हर्मुथ घालून होत असे. व्हर्मुथची बदनामी व्हायला कपाटातल्या बाटल्यांनी बराच हातभार लावला असावा, असं आमचं मत. क्वार्टर नुकती उघडली असेल त्या आठवड्यात एकदा समसमान करून पाहा: जिन ४५, ड्राय व्हर्मुथ ४५, ढवळणं तसंच. साधारण ११० मिली होते, ताकद २५ टक्क्यांच्या आसपास, आणि जेवणाआधी घेतली तर जेवणाची चव शाबूत राहते. विझलेल्या व्हर्मुथने हे प्रमाण करून पाहू नका, पहिल्या घोटालाच ग्लास खाली ठेवाल.

व्हर्मुथ संपलं म्हणून त्याच मापात पोर्ट घातली तर? रंग तर जाईलच, शिवाय १२ मिलीत सव्वा ग्रॅम साखर पडेल, एक्स्ट्रा ड्रायमध्ये ती जास्तीत जास्त एक तृतीयांश ग्रॅम असते. आणि जो कडू-हिरवा धागा जिनच्या जुनिपरला धरून ठेवतो तो मिळणारच नाही. कोरडी पांढरी पोर्ट त्यातल्या त्यात जवळची, पण तीही फळाच्या बाजूला ओढते. अशा वेळी कोरडी फिनो शेरी असेल तर ती घ्यावी. तिच्यात झाडपाला नसला तरी ती खारट-कोरडी असते आणि जिनशी जुळते. मात्र ती व्हर्मुथपेक्षाही नाजूक, उघडल्यावर आठवडाभराची.

वरून लिंबाची साल. आपलं कागदी लिंबू इथे कामाचं नाही; त्याची साल पातळ, तेल उग्र. जाड सालीचं पिवळं लिंबू मिळालं तर सोलाण्याने अंगठ्याएवढी पट्टी काढा, आतला पांढरा भाग जवळपास न येऊ देता, आणि पिवळी बाजू ग्लासाकडे करून चिमटीत दाबा. पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब दिसतात. ऑलिव्ह घालायचं तर बरणीतलं खारं पाणी निथळून घाला. ते पाणीच हवं असेल तर ५ मिलीपासून सुरुवात करा, कारण त्याने व्हर्मुथचा सुवास झाकला जातो. घरातलं व्हर्मुथ जुनं असेल आणि दुसरं काही नसेल, तर मात्र हेच पाणी तुमची संध्याकाळ वाचवेल.

आणि कपाटातली ती अर्धी बाटली. ओतून देऊ नका. ओला पुठ्ठा झाली नसेल तर लसूण आणि लोण्यावर कोळंबी परतताना, कोळंबी गुलाबी झाली की आच मोठी करून तीन मोठे चमचे ड्राय व्हर्मुथ घाला आणि निम्मं आटू द्या. जेन्शिअनचा जो कडूपणा ग्लासात खुपत होता तो लोण्यात मुरतो. लिंबू पिळायची गरज पडत नाही, मीठही थोडं कमीच घाला.